खेळत्या भांडवलाचे मागणीपत्र

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक पत्रव्यवहार शिकवताना जे नमुना-प्रकल्प मी दरवर्षी देतो, त्यांत बँकेच्या शाखाव्यवस्थापकास खेळत्या भांडवलासाठी लिहावयाच्या पत्राला मी सर्वांत अधिक वेळ देतो; कारण अध्यापनाकडे वळण्यापूर्वी एका बँकेच्या कर्जविभागात अशी पत्रे वाचण्याचेच काम माझ्याकडे होते. पत्राचा मायना, विषय, संदर्भ, सोबतच्या कागदांची यादी आणि 'आपला विश्वासू' एवढे जमले की पत्र जमले, अशी विद्यार्थ्यांची प्रामाणिक समजूत असते. परंतु व्यवस्थापकाच्या टेबलावर पत्राची परीक्षा मायन्याने होत नाही. मागितलेली रक्कम कशातून निघाली आणि ती कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने परत येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मजकुरात सापडतात की नाही, यावरच ती होते.

प्रकल्पासाठी मी बहुधा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक काल्पनिक काजूप्रक्रिया कारखाना घेतो. कोकणातल्या मुलांना तो परिचित असतो, आणि खेळत्या भांडवलाचे स्वरूप इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा छोटा धंदा क्वचितच आढळेल. काजू-बी बाजारात येते ती मार्च ते मे या तीन महिन्यांत. गराला गिऱ्हाईक मात्र बारा महिने असते. शेतकरी आणि गावोगावचे लहान व्यापारी बी रोखीने विकतात, उधारीवर देत नाहीत; उलट गर घेणारा घाऊक व्यापारी पैसे देण्यास महिनाभराची मुदत घेतो. म्हणजे वर्षभर पुरावयाचा कच्चा माल तीन महिन्यांत रोख पैसे मोजून भरून ठेवावयाचा, तो उन्हात वाळवून गोदामात रचावयाचा, आणि मग महिन्यामागून महिना तो वाफवून, फोडून, गर सोलून, प्रतवारी लावून विकावयाचा, असा हा क्रम आहे.

विद्यार्थ्यांना दिलेली गृहीते थोडकी असतात. वर्षाला ६० टन बी, किलोला १२० रुपये भाव, म्हणजे कच्च्या मालाचे ७२ लाख रुपये. चार किलो बियांतून साधारण एक किलो गर निघतो, या हिशेबाने १५ टन गर. अख्खा आणि तुकडा मिळून सरासरी ७०० रुपये किलोने त्याची विक्री १ कोटी ५ लाख. मजुरी, जळण, वीज, बांधणी यांचा खर्च महिन्याला दीड लाख. कारखाना मार्चपासून दरमहा पाच टन बी फोडतो. एवढ्या सामग्रीवर पत्र लिहावयाचे, आणि किती रुपये मागावयाचे ते विद्यार्थ्याने स्वतः ठरवावयाचे.

पहिल्या खेपेच्या पत्रांत बहुतेकांची रक्कम वाटोळी असते: २५ लाख किंवा ५० लाख. कारण विचारल्यास 'व्यवसायवृद्धीसाठी' असे उत्तर येते, आणि पत्रातही तेच लिहिलेले असते. काही अभ्यासू मुले मात्र पाठ्यपुस्तकातील उलाढालीच्या पद्धतीचा आधार घेतात. नायक समितीच्या शिफारशींनंतर लघुउद्योगांसाठी रूढ झालेली ही पद्धत असे धरून चालते की, वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते. त्यांपैकी उलाढालीच्या ५ टक्के रक्कम उद्योजकाने स्वतः घालावी आणि किमान २० टक्के बँकेने द्यावी. त्यानुसार १ कोटी ५ लाखांवर बँकेचे २१ लाख येतात आणि कारखानदाराचे सव्वापाच लाख. आकडेमोड निर्दोष असते. तरीही त्या आकड्यावर हा कारखाना वर्षभर चालत नाही, आणि तो का चालत नाही हे समजणे, हाच या प्रकल्पाचा गाभा आहे.

उलाढालीच्या २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांची विक्री. पैसा मालात गुंतला, माल तयार झाला, विकला गेला आणि वसुली होऊन पैसा पुन्हा हाती आला, हे चक्र तीन महिन्यांत पुरे होते असे त्या पद्धतीत गृहीत आहे. काजूच्या बाबतीत मे महिन्यात घेतलेली बी फेब्रुवारीत फोडली जाते. म्हणून मी विद्यार्थ्यांना मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी गोदामात उभे राहून मोजणी करावयास सांगतो. ६० टन खरेदी झाली, १५ टन फोडली गेली, ४५ टन शिल्लक. तिची किंमत ५४ लाख. प्रक्रियेतील आणि तयार माल मिळून एका महिन्याचे उत्पादन, खर्चाच्या भावाने साडेसात लाख. व्यापाऱ्यांकडे येणी एका महिन्याची, ८ लाख ७५ हजार. एकूण ७० लाख २५ हजार रुपये त्या दिवशी धंद्यात अडकलेले असतात, आणि शेतकऱ्याचे देणे काहीच नसल्यामुळे त्यांतून वजा करण्यासारखे काही उरत नाही. उलाढालीच्या पद्धतीने जमणाऱ्या सव्वासव्वीस लाखांतून तयार मालाचे आणि येण्यांचे सव्वासोळा लाख बाजूला काढले, तर बियांसाठी दहा लाख राहतात. तेवढ्यात आठ टनांच्या थोडी वर बी येते, आणि जुलै संपण्यापूर्वी गोदाम रिकामे होऊन कारखानदाराला पावसाळ्यातल्या चढ्या भावाने व्यापाऱ्याकडची किंवा आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते. पत्रात मागितलेली रक्कम कमी असणे हे नम्रतेचे लक्षण नसून धंद्याला अपायकारक असते, ही गोष्ट इथे मुलांच्या प्रथम ध्यानात येते.

नायक समितीची २० टक्क्यांची मर्यादा किमान आहे. चक्र दीर्घ असेल तर ते सिद्ध करून अधिक मागता येते. परंतु सिद्ध करण्याचा भार पत्र लिहिणाऱ्यावर असतो, आणि त्यासाठी केवळ सर्वोच्च आकडा पुरत नाही. तो आकडा उतरत कसा जातो, हेही दाखवावे लागते. दुसऱ्या खेपेस विद्यार्थी जे लिहितात, त्यातील एक चांगला परिच्छेद असा असतो:

'आमची सर्वाधिक गरज मे अखेर ७० लाख २५ हजार रुपयांची असून त्यांपैकी १७ लाख ७५ हजार रुपये आम्ही स्वतः घालत आहोत. सबब, मालसाठा व येणी यांच्या नजरगहाणावर ५२ लाख ५० हजार रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर व्हावी, ही विनंती. साठा दरमहा पाच टनांनी कमी होत असल्याने बाकी ऑगस्ट अखेर सुमारे ३९ लाख, नोव्हेंबर अखेर साडेपंचवीस लाख व फेब्रुवारी अखेर १२ लाख इतकी खाली येईल. दरमहा ८ लाख ७५ हजारांच्या वसुलीतून दीड लाख खर्च वजा जाता सव्वासात लाख उरतात. त्यांतून साडेचार लाख रुपये बाकी कमी करण्यास पुरतील आणि उर्वरित रकमेतून व्याज भागेल.'

या परिच्छेदात एकही विशेषण नाही, आणि व्यवस्थापकाला मंजुरीच्या टिपणासाठी जे हवे ते जवळजवळ सर्व आहे. मर्यादा, उद्योजकाचा स्वतःचा हिस्सा, तारण, हंगामाची चढउतार आणि परतफेडीचा झरा यांचा तपशील क्रमाने आला आहे. कर्जविभागात असताना मी पाहिले आहे की, ज्या पत्रातील मजकूर थेट टिपणात उतरविता येतो, त्या पत्राला खुलासे मागण्याचे प्रसंग कमी येतात. आणि हंगाम तीन महिन्यांचाच असल्यामुळे एप्रिलमध्ये गेलेला एक महिना पुढे कोणत्याही मंजुरीने भरून निघत नाही. म्हणूनच अर्ज डिसेंबर-जानेवारीत दाखल झाला पाहिजे, हेही मी पत्राच्या तारखेवरून तपासतो.

यानंतर वर्गाचे दोन भाग करून एका भागाने लिहिलेली पत्रे दुसऱ्याने शाखाव्यवस्थापकाच्या भूमिकेतून वाचावीत, असा आमचा प्रघात आहे. त्या वाचनात एक दोष हमखास उघडकीस येतो: बी फोडण्याचे नवे यंत्र घेण्यासाठी लागणारे चार-पाच लाखही पुष्कळांनी याच मर्यादेत मिसळलेले असतात. यंत्राची किंमत धंद्यात अनेक वर्षांनी फिटते. साठ्यावर घेतलेली उचल मात्र साठा उतरताच उतरली पाहिजे. यंत्रात गेलेला पैसा फेब्रुवारीत परत येत नाही, खात्याची बाकी १२ लाखांऐवजी १७ लाखांवर अडून राहते, आणि तारणाला तेवढा माल गोदामात नसतो. यंत्रासाठी मुदतीच्या कर्जाची दरखास्त निराळी करावी, आणि या पत्रात तिचा केवळ उल्लेख असावा.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या दोन गोष्टी भिन्न आहेत. कारखानदार दरमहा मालसाठ्याचे पत्रक देतो. त्यातील मालाच्या किमतीतून मार्जिन वजा करून जी रक्कम राहते, तेवढीच त्या महिन्यात उचलता येते. प्रकल्पाच्या सोयीसाठी आम्ही साठा आणि येणी या दोहोंवर सरसकट २५ टक्के मार्जिन धरतो. प्रत्यक्षात येण्यांवर ते अधिक असू शकते, आणि फार जुनी येणी तर हिशेबातच घेतली जात नाहीत. इथे काजूचे एक वैशिष्ट्य आडवे येते. झाडाखालून गोळा केलेली बी ओलसर असते आणि वाळविल्यावर तिचे वजन घटते. खरेदीच्या पावत्यांवरून पत्रक भरले आणि बँकेचा अधिकारी पावसाळ्यात येऊन गोणी वजनकाट्यावर ठेवू लागला, तर कागदावरचे ४५ टन गोदामात भरत नाहीत, आणि कोणतीही लबाडी नसताना संशय मात्र उत्पन्न होतो. म्हणून वाळवणीनंतरच्या वजनावर साठा धरला जाईल आणि वाळवणीची तूट स्वतंत्र नोंदली जाईल, हे एक वाक्य पत्रात असावे असा माझा आग्रह असतो. ज्याने धंदा जवळून पाहिला आहे त्यालाच ते वाक्य सुचते, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही तेवढ्यावरून लिहिणाऱ्याची जाण कळते.

गुण देताना मी भाषेचे दोष पाहतो. पण त्याहून बारकाईने पाहतो ते पत्रातील प्रत्येक विधान पुढे कोणत्या कागदावर तपासले जाणार आहे. साठ्याचे विधान मासिक पत्रकावर, विक्रीचे विधान खात्यातील जमेवर आणि वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांवर, स्वतःच्या हिश्शाचे विधान ताळेबंदावर तपासले जाते. मर्यादेचे नूतनीकरण वर्षाने येते तेव्हा व्यवस्थापक हेच मूळ पत्र दप्तरातून काढून ऑगस्टची, नोव्हेंबरची आणि फेब्रुवारीची बाकी त्यातील आकड्यांशी ताडून पाहतो. म्हणून विद्यार्थ्यांना माझा नियम एकच असतो: जे विधान बारा महिन्यांनी आपल्याच कागदांवरून दाखविता येणार नाही, ते आज पत्रात लिहू नये, आणि जे दाखविता येईल, ते संकोचाने वगळू नये.