‘महोदय’ लिहिण्याआधी

जूनमध्ये आमच्या वाकोल्याच्या शाळेत चौथीला एक नवी मुलगी आली. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकात एक आणि अक्षरात दुसरीच! आधीच्या शाळेला पत्र लिहायचं होतं. शिक्क्यात नुसतं ‘मु. अ.’, सही वाचता येईना. मी सवयीने ‘महोदय’ लिहून मोकळी झाले. दुरुस्त दाखला आला, तेव्हा सोबतच्या पत्राखाली ‘मुख्याध्यापिका’ लिहून दोन रेघा मारलेल्या होत्या. रागाचा एक शब्द नव्हता, पण कळायचं ते कळलं. मी स्वतः बाई असून समोर सरच असणार असं धरून चालले होते.

पत्रलेखनाच्या तासाला मी तेच पत्र फळ्यावर लिहिलं. ‘‘बाई, महोदय/महोदया असं दोन्ही लिहा ना,’’ एक मुलगा म्हणाला. चुकीचं नाही, पण वाचणाऱ्याला छापील फॉर्म हातात आल्यासारखं वाटतं. मग मी आजीच्या पत्रातलं ‘स. न. वि. वि.’ सांगितलं. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. यात समोरच्याला हाकच मारलेली नाही, नुसता नमस्कार आहे. कार्यालयात ‘सप्रेम’च्या जागी ‘सविनय’ घ्यायचं. सगळ्यांनी मिळून पत्र असं केलं :

प्रति,
मा. शाळाप्रमुख यांस,
विषय : जन्मतारखेची दुरुस्ती
सविनय नमस्कार,
आपल्या शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख अंकात व अक्षरात वेगवेगळी आहे. मूळ नोंद पाहून दुरुस्त दाखला मिळावा, ही विनंती.

‘मा.’, ‘शाळाप्रमुख’, ‘यांस’ हे तिन्ही शब्द सरांनाही चालतात, बाईंनाही. किरण, शीतल अशी नावं असली तरी पूर्ण नाव लिहून पुढे ‘यांस’ जोडायचं; श्री. की श्रीमती हा प्रश्नच उरत नाही.

पुढच्या मजकुरात ‘आपण’ सांभाळून घेतो. ‘आपण पाठवलंत’, ‘आपण याल’, ‘आपण आलात’ यातून काही कळत नाही. पण ‘आपण आला होतात’ लिहिलं की फसलो, कारण बाईंना ‘आल्या होतात’ म्हणावं लागतं. तिथे ‘आपली भेट झाली होती’ असं वाक्य फिरवायचं.

त्या दिवसापासून घरी जाणाऱ्या चिठ्ठ्याही बदलल्या. आधी मी मुलांच्या आयांना सरसकट ‘सौ.’ लिहायचे. पण एखादीचा नवरा नसेल तर ते एका अक्षराचं दुखणं. ‘श्रीमती’ लिहावं तर आपल्याकडे काही घरांत तो शब्द विधवेसाठीच समजतात. आता ‘(मुलाचं नाव) याचे/हिचे पालक यांस’ लिहिते. चिठ्ठी आजी वाचो, काका वाचो, ती त्यांनाच लिहिलेली असते.

मात्र उत्तराखाली नाव-हुद्दा आला की पुढचं पत्र त्याप्रमाणेच जायला हवं. कळल्यावरही ‘शाळाप्रमुख’ लिहीत राहिलो, तर समोरच्याचं उत्तर आपण वाचलंच नाही असं होतं. त्या बाईंना आभाराचं पत्र लिहिलं, तेव्हा सुरुवात केली, ‘मा. मुख्याध्यापिका यांस.’ रेघ मात्र मारली नाही.