"टीमला मार्गदर्शन केले" या ओळीचं काय करायचं?

मार्च-एप्रिल आला की पुण्याच्या आयटीत दोन गोष्टींना ऊत येतो. एक अप्रेझल आणि दुसरं रेझ्युमे. ओळखीतली मुलंमुली आपला रेझ्युमे पाठवतात, "दादा, जरा बघ ना, लीडच्या पोस्टसाठी टाकतोय." गेली काही वर्षं मी अशा पोस्टसाठी मुलाखती घेतो, त्यामुळे मलाही उत्सुकता असते. वरचा चार ओळींचा सारांश वाचला की बहुतेकदा लक्षात येतं, हा माणूस अजून सीनियर इंजिनिअर म्हणूनच स्वतःकडे बघतोय.

नमुना द्यायचा तर एका मुलीचा देतो. तिची परवानगी घेतलीय, नाव-कंपनी सांगत नाही. मराठवाड्यातल्या कॉलेजातून शिकलेली, नऊ वर्षांचा अनुभव, काम उत्तम. तिचा सारांश असा होता (मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगतो):

"९ वर्षांचा अनुभव असलेली सीनियर इंजिनिअर. जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, पोस्टग्रेस यांत प्रावीण्य. अनेक मायक्रोसर्व्हिसेस विकसित केल्या. टीमला मार्गदर्शन केले."

यात खोटं काही नाही. पण असे शंभर रेझ्युमे येतात. पहिल्या तीन वाक्यांतून कळतं की हिला कोड लिहिता येतो. लीडच्या पोस्टला तेवढं गृहीतच धरलेलं असतं. खरा प्रश्न चौथ्या वाक्याचा आहे, आणि नेमकं तेच वाक्य पोकळ आहे. कोणाला मार्गदर्शन केलं? त्याने काय बदललं?

मी तिला एकच विचारलं, "तू पंधरा दिवस रजेवर गेलीस तर तू सुरू केलेलं काय चालू राहतं?" ती म्हणाली, "काही नाही हो, ते डेटाबेसच्या बदलांचं तेवढं चालू राहतं." आणि मग जे सांगितलं ते रेझ्युमेत कुठेच नव्हतं.

झालं होतं असं. तीन टीम, आणि तिघींचा डेटाबेस एकच. एका टीमने आपल्या सोयीसाठी `mobile_no` या रकान्याचं नाव बदलून `contact_no` केलं, की दुसऱ्या टीमचा कोड रात्री जुनं नाव शोधायचा आणि पडायचा. मग पहाटे फोनाफोनी आणि रिलीज मागे. दर वेळी ज्याने बदल केला त्याला बोलणी बसायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

हिने दोन पानांची पद्धत लिहिली. रकान्याचं नाव थेट बदलायचं नाही. आधी नवा रकाना जोडायचा. मग काही दिवस दोन्हीकडे लिहायचं. जुनी माहिती नव्यात भरून घ्यायची. मग सगळ्या टीमचा कोड नव्या रकान्यातून वाचायला लागला याची खात्री करायची. जुना रकाना काढायचा तो शेवटी, वेगळ्या रिलीजमध्ये. पद्धत तिने शोधलेली नाही, जगभर अनेक ठिकाणी अशीच वापरतात. ती तिघांच्या गळी उतरवणं हे तिचं काम.

एक टीम तयारच नव्हती. त्यांचं म्हणणं रास्त होतं: एका बदलासाठी दोन-तीन रिलीज कशाला? हिने वाद घातला नाही. त्यांच्या सीनियरबरोबर बसून त्यांच्याच एका टेबलावर सगळा बदल करून दाखवला. शिवाय कोड जोडला जाण्याआधी आपोआप चालणारी एक तपासणी बसवली. रकाना काढणारा किंवा त्याचं नाव बदलणारा बदल आला की ती अडवते आणि दुसऱ्या टीमची संमती मागते. म्हणजे नियम कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहिला नाही. मग तिच्या टीममधल्या दोन ज्युनियरना हे रिव्ह्यू शिकवले. आता ते दोघं करतात, ती बघतही नाही.

"आकडा आहे का?" विचारलं. तिने रिलीजच्या नोंदी काढल्या. आधीच्या सहा महिन्यांत २४ रिलीज, त्यातले ५ अशा बदलांमुळे मागे घेतलेले. नंतरच्या सहा महिन्यांत २२ पैकी १. एकूण रिलीज किती हे मुद्दाम बघायला लावलं, कारण रिलीजच निम्मे झाले असते तर पडणारेही आपसूक कमी झाले असते. उरलेला एक का पडला तेही विचारलं. मोठ्या टेबलावर कोणीतरी साधं `CREATE INDEX` चालवलं होतं. पोस्टग्रेसमध्ये ते पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं थांबतं, तिथे `CONCURRENTLY` हवं होतं. पद्धतीत ही ओळ नव्हती, नंतर घातली. मुलाखतीत हे सांगच, म्हटलं. ज्याला आपल्या कामाची हद्द माहीत असते, त्याचा बाकीचा आकडाही खरा वाटतो.

नवा सारांश असा झाला:

"बॅकएंड इंजिनिअर, ९ वर्षं, जावा आणि पोस्टग्रेस, आजही नियमित कोड लिहिते. तीन टीमच्या सामायिक डेटाबेसमधले बदल सुरक्षितपणे करण्याची पद्धत लिहिली, एका टीमबरोबर करून दाखवली, नंतर तिन्ही टीमनी स्वीकारली. अशा बदलांमुळे मागे घ्यावे लागणारे रिलीज सहा महिन्यांत २४ पैकी ५ वरून २२ पैकी १ वर आले. हे रिव्ह्यू आता दोन ज्युनियर स्वतंत्रपणे करतात. एका टीमची तांत्रिक जबाबदारी घेण्याच्या शोधात."

बघा, "नेतृत्व" हा शब्द एकदाही नाही. ग्राहकाचं नाव नाही, टेबलाचं नाव नाही, कंपनीचे किती पैसे वाचले याची फुशारकी नाही. रिलीज का वाचले हे सिद्ध करता येतं, पैसे तिच्यामुळेच वाचले हे नाही.

मुलाखतीला बसलेला माणूस अशा ओळीवर काय विचारतो? "विरोध कोणी केला आणि त्याचं म्हणणं काय होतं?" ज्याने खरंच केलंय तो विरोधकाची बाजू नीट मांडतो. ज्याने फक्त मीटिंगला हजेरी लावली, तो "सगळ्यांनी लगेच मान्य केलं" म्हणतो. तीन टीमनी एखादी गोष्ट लगेच मान्य केलेली मी तरी पाहिलेली नाही.

आता आपल्याकडची अडचण. "स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये" हे घरातून आलेलं असतं, म्हणून ही मुलं "आम्ही केलं" लिहितात. टीमच्या कामाला "आम्ही" म्हणाच. पण पद्धत मी लिहिली, तपासणी मी बसवली, असं ज्याचं त्याचं वेगळं करून सांगणं ही बढाई नाही, हिशेब आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. टान्या रायली या इंजिनिअरने टीमला जोडून ठेवणाऱ्या अशा कामाला 'ग्लू वर्क' म्हटलंय, आणि ते केल्यामुळेच माणूस मागे कसा पडतो हेही मांडलंय. या मुलीच्या अप्रेझलमध्ये मॅनेजरने लिहिलं होतं, "खूप मदत करते." तीन टीमचे रिलीज सावरले, त्याची नोंद "मदत" अशी!

म्हणून मॅनेजर मंडळींना विनंती: या महिन्यात अप्रेझल लिहिताना "मदत करते" असं लिहावंसं वाटलं, की थांबा आणि कोणाचं काय बदललं ते लिहा. आणि लीड व्हायचंय त्यांनी दर शुक्रवारी दोन ओळी वहीत लिहा: या आठवड्यात माझ्यामुळे कोणी काय वेगळं केलं? वर्षाने सारांश लिहायला बसाल तेव्हा आठवत बसावं लागणार नाही.