आधी कान, मग तोंड

“फोनला तोंडाने सांगितलं की तो सगळं करतो ना? मग ते बोलून वाचणारं प्रकरण कशाला शिकायचं?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आठवडाभर मी सॉफ्टवेअरचं काम करतो. रविवारी न्यू जर्सीतल्या आमच्या भागातल्या मराठी आजी-आजोबांना फोन वापरायला मदत करतो. त्यांच्यापैकी एका आजींची ही हकीकत.

आजी ७८ वर्षांच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. कडेचं अंधुक दिसतं, पण जिथे नजर रोखावी तिथेच काळा डाग येतो. आधी त्यांनी आयफोनवरची अक्षरं खूप मोठी करून पाहिली. तेव्हा स्क्रीनवर एका वेळी दोनच शब्द मावायचे. “वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात काय होती ते विसरते रे,” त्या म्हणाल्या.

आयफोनमध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत. व्हॉइसओव्हर स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवतो. व्हॉइस कंट्रोल आपण बोललेला हुकूम पाळतो. आजींना अर्थातच दुसरी सोय हवी होती, कारण बोलणं सोपं वाटतं. पण फोनने हुकूम पाळला की नाही, हे दिसत नसेल तर कळणार कसं? ते ऐकूच यायला हवं. म्हणून मी आधी व्हॉइसओव्हर शिकवतो.

तो सुरू करण्याआधी मी एक सोय करून ठेवली. `Settings` मध्ये `Accessibility`, त्यात अगदी खाली `Accessibility Shortcut`, आणि तिथे `VoiceOver` निवडायचं. मग फोनच्या बाजूचं बटण तीनदा पटापट दाबलं की व्हॉइसओव्हर चालू होतो आणि तसंच दाबलं की बंद. हे फार गरजेचं आहे, कारण व्हॉइसओव्हर चालू असताना फोन वेगळा वागतो. एक टिचकी मारली की बोटाखाली काय आहे ते फक्त ऐकू येतं. ते उघडायला पटापट दोन टिचक्या माराव्या लागतात. आजींच्या सुनेने हे माहीत नसताना फोन हातात घेतला असता, तर तो बिघडलाच असं तिला वाटलं असतं!

मग बोलण्याचा वेग कमी केला. सुरुवातीला तो ५० टक्क्यांवर असतो. नव्या कानाला तो फार जलद वाटतो, म्हणून मी ४० वर आणला.

पहिल्या रविवारी तीनच गोष्टी केल्या. एक बोट स्क्रीनवरून हळूहळू फिरवायचं आणि ऐकायचं. बोट उजवीकडे झटकलं की पुढची वस्तू, डावीकडे झटकलं की मागची. हवी ती वस्तू ऐकू आली की दोन टिचक्या. या टिचक्या त्या वस्तूवरच मारायला हव्यात असं नाही, स्क्रीनवर कुठेही चालतात. आजींना हे पटायला वेळ लागला. त्या फोन नाकाजवळ नेऊन नेमकी जागा शोधायच्या, आणि त्या धडपडीत बोट तिरकं जायचं. थोडं दिसणाऱ्या माणसाला ही अडचण पूर्ण अंध माणसापेक्षा जास्त येते, कारण डोळा आपलं काम सोडायला तयार नसतो. काही शिकवणारे अशा वेळी स्क्रीन पूर्ण काळी करतात. तशी सोय व्हॉइसओव्हरमध्ये आहे. मला मात्र ती घाई आवडत नाही. जे थोडं दिसतंय ते आपण होऊन कशाला काढून घ्यायचं? मी फक्त म्हणालो, “आजी, फोन मांडीवर ठेवा आणि खिडकीबाहेर बघा.” तेवढ्याने काम झालं.

एक अडचण मात्र उरली. आजी दोन टिचक्या मारायच्या, फोन दोनदा बोलायचा, पण काहीच उघडायचं नाही. ही खूण लक्षात ठेवा. फोन दोनदा बोलला म्हणजे त्याला दोन सुट्या टिचक्या कळल्या. दोन टिचक्यांमध्ये साधारण पाव सेकंदाचंच अंतर त्याला चालतं, आणि वयस्कर बोटं तितकी चपळ नसतात. व्हॉइसओव्हरच्या सेटिंगमध्ये `Double-tap Timeout` आहे. तिथे मी ०.२५ चे ०.५० सेकंद केले. मग पहिल्याच प्रयत्नात संपर्कांची यादी उघडली.

दुसऱ्या रविवारी आलेला फोन घ्यायला शिकवलं. पूर्वी हिरवं बटण शोधेपर्यंत घंटी थांबायची. आता दोन बोटांनी स्क्रीनवर कुठेही दोनदा टिचकी मारायची, की बोलणं सुरू. फोन ठेवायलाही तेच. मी बाहेर जाऊन तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी आजी म्हणाल्या, “आता पुरे, चहा गार होतोय.”

मग व्हॉइस कंट्रोलकडे वळलो. तो मराठी समजत नाही, त्यामुळे हुकूम इंग्रजीतच द्यावे लागतात. `Open Messages`, `Go home`, `Go back` हे आजींनी लगेच उचललं. याची शिकवणी घेताना बहुतेक जण `Show numbers` सांगतात. त्याने प्रत्येक बटणावर आकडा येतो आणि तो आकडा बोलायचा. पण तो आकडा वाचायला डोळे लागतात! आजींना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी वेगळी रीत आहे. व्हॉइसओव्हरने बटणाचं नाव सांगितलं, “Reply, button”, की तेच नाव घेऊन म्हणायचं, `Tap Reply`. कानाने नाव मिळालं, म्हणून तोंडाला काम करता आलं. काही ॲपमध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात. तिथे फोन नुसतं “button” म्हणतो, आणि मग हुकूम तरी कुठल्या नावाने देणार?

आणखी एक गंमत म्हणजे फोन स्वतःचंच बोलणं ऐकतो. त्याने एखादा शब्द वाचला आणि तो हुकमासारखा असला, तर तो पाळायलाही जातो. टीव्हीवरच्या बोलण्याचंही तसंच. म्हणून दोन्ही सोयी एकत्र वापरताना कानात इअरफोन घालायचा. पाहुणे आले की `Go to sleep` म्हणायचं, नंतर `Wake up`.

सगळं जमल्यावर आजींनी नातवाचा मेसेज उघडला. नातू कॅलिफोर्नियात असतो आणि मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. “Aaji kashi aahes, jevlis ka?” हे फोनने इंग्रजी आवाजात असं काही वाचलं, की आम्हा दोघांनाही कळेना. व्हॉइसओव्हरमध्ये मराठी आवाज आहे, आणि तो मी निवडून ठेवला होता. पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ही मराठी आहे, हे फोनला कळत नाही. देवनागरीत लिहिलं तर मात्र तो नीट वाचतो.

आजींनी व्हॉट्सॲपमध्ये व्हॉइस मेसेजचं बटण शोधलं. दोन टिचक्या मारल्या, दुसऱ्या टिचकीनंतर बोट तसंच दाबून धरलं आणि बोलल्या, “बाळा, मराठी अक्षरांत लिही. माझा फोन तुझं इंग्रजी वाचत नाही.” बोट उचललं आणि मेसेज गेला.

दोन दिवसांनी उत्तर आलं: “आजि, मी जेवलो. तु जेवलिस का?” फोनने ते मराठी आवाजात वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या तिन्ही चुका आजींना ऐकू आल्याच नाहीत, आणि मीही काही बोललो नाही.