भिंतीवरची तारीख

घरात कीटकनाशक वापरले जाणार असल्याची रहिवाशांना आगाऊ दिलेली सूचना हा वरवर पाहता अगदी किरकोळ मजकूर असला, तरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ज्यांचे बालपण १९६०च्या आसपास मातीच्या धाब्याच्या घरांत गेले आणि उतारवय शहरातल्या सदनिकेत चालले आहे, त्या पिढीच्या आयुष्यात हा मजकूर तीन वेगवेगळ्या औषधांबरोबर आला. तिन्ही वेळा त्याने लहान मुले, जनावरे आणि धान्य यांची काळजी घेण्यास सांगितले. मात्र प्रत्येक औषधाचा धोका निराळ्या वाटेने येत असल्यामुळे त्या काळजीचा अर्थ दर वेळी बदलत गेला, आणि मजकुरातले शब्द मात्र बहुधा तेच राहिले.

पहिली सूचना हिवतापाच्या फवारणीची होती. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि पाठीशी पंप घेऊन गावोगाव फिरणारे कर्मचारी लोकांच्या तोंडी ‘डीडीटीवाले’ झाले. चूल, भांडी, पाण्याचा माठ आणि कणगी झाकून ठेवण्याचा निरोप गावात आधी पोहोचत असे. मग भिंतींवर डीडीटीच्या भुकटीचे पाणी फवारले जाई, ते सुकल्यावर पांढरट थर उरे, आणि दाराशेजारी फवारणीची फेरी, तारीख व किती खोल्या फवारल्या याची नोंद रंगवली जाई. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो, आणि त्याच्या पायांना तो थर लागावा, ही या पद्धतीमागची कल्पना. म्हणून तो थर काही आठवडे तसाच राहणे आवश्यक होते. खानदेशी घराची रीत नेमकी याच्या उलट होती, कारण सणाच्या तोंडावर भिंती पांढऱ्या मातीने लिंपल्या आणि शेणाने सारवल्या जात, आणि त्या एका हाताखाली सगळे औषध गाडले जाई. त्या सूचनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग धान्य झाकण्याचा नसून ‘भिंत लिंपू नका’ हा होता. तो ज्या बाईला सांगायचा तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, किंवा पोहोचूनही त्याचे कारण तिला कोणी सांगितले नाही, तर फवारणी वाया जाई. जनावरांच्या बाबतीतही कारण कळल्याशिवाय काळजी घेता येत नाही: मांजर अंग चाटून स्वच्छ करते, त्यामुळे भिंतीला घासून केसांना लागलेली भुकटी तिच्या पोटात जाते, आणि खाली पडलेले किडे टिपणाऱ्या कोंबडीलाही हीच वाट लागू होते.

दुसरी सूचना उद्वाहनाशेजारच्या फळ्यावर लागते आणि बहुधा झुरळांसाठी असते. हल्ली स्वयंपाकघरात फवाऱ्याऐवजी जेल वापरतात, म्हणजे झुरळाला खाद्य वाटेल अशा लगद्यात अल्प प्रमाणात विष मिसळून त्याचे बारीक ठिपके बिजागऱ्यांत, ओट्याखाली आणि शीतपेटीच्या मागे ठेवतात. ते खाल्लेले झुरळ फटीत परत जाऊन मरते आणि त्याला खाणारी इतर झुरळेही मरतात. येथे धोका हवेचा नसून बोटांचा आहे, म्हणून रांगणाऱ्या मुलाचा हात जिथे पोहोचतो तिथे ठिपका नको, एवढे पाळले तर घर रिकामे करण्याची गरज नसते. परंतु कामसू गृहिणी दुसऱ्याच दिवशी फिनेलने ओटा घासून काढते, आणि लिंपणाने झाले होते तेच येथे पुन्हा होते. फवारा वापरला जाणार असेल तर गोष्ट वेगळी. पायरेथ्रॉइड या वर्गातली औषधे, म्हणजे शेवंतीच्या जातीच्या एका फुलातील द्रव्याच्या धर्तीवर बनवलेली कीटकनाशके, माणसाला तुलनेने सौम्य असली तरी माशांना अत्यंत घातक असतात आणि त्यांतली काही मांजरालाही सोसत नाहीत. त्यामुळे माशांची पेटी हलवता येत नसेल तर ती झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा लागतो, कारण तो पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलत असतो.

तिसरी सूचना सर्वांत जास्त जपण्याची असते, आणि नेमकी तीच अनेकदा दिली जात नाही. आखाजीच्या सुमारास खानदेशात वर्षाचे धान्य भरले जाते. गहू, दादर आणि डाळी उन्हात वाळवून कोठ्यांत जातात, आणि सोंडे लागू नयेत म्हणून कोणीतरी धान्याच्या गोळ्या आणून ठेवते. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, आणि किडे मारण्याचे काम तो वायू करतो. प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक हिशेब मांडता येतो. ३ ग्रॅमची एक गोळी सुमारे १ ग्रॅम वायू सोडते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच असलेल्या बंद खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. तेवढ्या हवेत तो मिसळला तर दहा लाख भागांत साधारण २५ भाग फॉस्फीन होते, आणि कामगारांसाठी आठ तासांची प्रचलित मर्यादा मात्र ०.३ भाग आहे. ५० भागांना जिवाला तात्काळ धोका मानला जातो, म्हणजे दोनच गोळ्या खोलीला तिथवर नेऊन ठेवतात.

हा वायू हवेपेक्षा किंचित जड असून दाराखालच्या फटीतून, पाइपाभोवतालच्या भोकातून आणि भिंतीच्या तड्यांतून शेजारच्या घरात शिरतो, त्यामुळे ज्याने गोळ्या ठेवल्या त्याच्याऐवजी पलीकडे झोपलेले मूल बळी पडू शकते. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा खोलीत खेळत असेल तर वायू अधिक वेगाने सुटतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर तो इशारा समजावा, पण वास नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. एकाच घरातल्या अनेकांना मळमळ, उलटी, पोटदुखी आणि गळून गेल्यासारखे होऊ लागले की घरचे आदल्या रात्रीच्या जेवणावर संशय घेतात, आणि तिथेच मोलाचा वेळ जातो, कारण या विषावर उतारा नाही. अशा वेळी सर्वांना उघड्या हवेत काढून लगेच रुग्णालय गाठणे आणि डॉक्टरांना गोळ्यांचे नाव सांगणे, एवढेच हाती असते. गोळ्यांवर पाणी ओतणे हा तर सर्वांत घातक उपाय, कारण त्याने उरलेला वायू एकदम सुटतो. या औषधाच्या वेष्टनावरील चौकोनात लाल त्रिकोण असतो, म्हणजे ते अतिविषारी गटात मोडते, आणि भारतात ते राहत्या घरासाठी नसून शासकीय गोदामांसाठी व परवानाधारक तज्ज्ञांसाठी आहे. किराणा दुकानात ते सुटे मिळते ही गोष्ट मनाला फार लागते.

त्याच्या तुलनेत आजीच्या पिढीचे उपाय मंद असले तरी समजून केलेले होते. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत ऊन द्यायचे, तो थंड झाल्यावरच कोठीत भरायचा आणि झाकणाची फट शेणमातीने लिंपायची. डाळीला एरंडेलाचा हात लावला की भुंग्याने दाण्यावर घातलेली अंडी तेलाखाली गुदमरतात. धान्य कोरडे असले तर किड्याची वाढ मंदावते, आणि पाऊस लागण्याआधी ते एकदा पुन्हा उन्हात घालणे कोणाही घराला जमण्यासारखे असते.

फळ्यावरच्या कागदात म्हणून ‘काळजी घ्यावी’ यापेक्षा अधिक काही हवे. त्यात औषधाचे नाव, ते फवारा, जेल की वायू, घरात पुन्हा पाऊल केव्हा ठेवायचे आणि खिडक्या किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे असले पाहिजे. दुसऱ्या फेरीची तारीखही त्यात हवी, कारण झुरळाची अंडी कडक कोशात असल्याने ती फवाऱ्याने मरत नाहीत आणि काही आठवड्यांनी नवी पिल्ले बाहेर येतात. वायूचे काम असेल तर कागद त्या एका घराच्या दारावर लावून भागत नाही; डावीकडच्या, उजवीकडच्या, वरच्या आणि खालच्या घराची कडी वाजवून सांगावे लागते, आणि घर बंद असेल तर ते उघडेपर्यंत काम पुढे ढकलावे लागते.