शेवटची मॅच किती वाजता?

समुपदेशनाला येणारे पालक माझ्याकडे एक आकडा मागतात. नववीतल्या मुलाला दिवसाला किती तास मोबाइल द्यावा? असा आकडा माझ्याकडे नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६मध्ये किशोरवयीनांसाठी तासांची सरसकट मर्यादा घातली नाही. झोप आणि हालचाल यांना धक्का लागू नये, एवढं पाहायला सांगितलं. शिवाय घरातली भांडणं तासांवरून फारशी होतच नाहीत. ती होतात ‘ठेव आता’ म्हटल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

एका घरातलं सांगते. मुलगा चौदा वर्षांचा. वडील रात्री दहाच्या ठोक्याला राउटर बंद करायचे आणि मुलगा आरडाओरडा करायचा. एकदा रिमोट भिंतीवर आपटला. पोरगं हाताबाहेर गेलंय, असं वडिलांचं मत. मी मुलाला विचारलं, काय खेळतोस? बीजीएमआय. त्यातली मोठ्या नकाशावरची मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती मध्येच थांबवून ठेवता येत नाही. चौघांच्या टीममधला एक जण गायब झाला की उरलेले तिघे अडचणीत येतात, आणि हे तिघे त्याच्याच वर्गातले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काय ऐकावं लागतं, ते त्याने मला सांगितलं. इथे छापण्यासारखं नाही. वडिलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर आई, वडील आणि मुलगा अशा तिघांनी बसायचं, असं ठरलं. भांडण चालू असताना केलेला नियम टिकत नाही. हिशेब उलटा मांडला. शाळेसाठी सहाला उठायचं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आठ धरले तरी दहाला डोळा लागायला हवा. म्हणून साडेनऊला फोन हॉलमधल्या चार्जरवर. त्याआधी अर्धा तास मॅचसाठी सोडला, म्हणजे शेवटची मॅच नऊच्या आत सुरू झाली पाहिजे. ‘साडेनऊला बंद’ यापेक्षा ‘नऊनंतर नवी मॅच नाही’ हे मुलाला पटलं, कारण ते त्याच्या खेळाच्या भाषेत होतं. रील्सचं तसं नाही. त्यांना शेवटच नसतो, म्हणून त्या जेवणाआधीच आणि हॉलमध्ये बसूनच बघायच्या.

मग त्याच्या अडचणी विचारल्या. गृहपाठ रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, आणि सकाळचा गजर फोनमध्ये आहे. गृहपाठासाठी ग्रुपवर आईचा नंबर घातला, गजरासाठी बाजारातून साधं घड्याळ आणलं. त्याने एक अट घातली: बाबांचाही फोन हॉलमध्ये. ऑफिसचे कॉल येतात, असं बाबा म्हणाले. आवाज मोठा ठेवा, वाजला की उठा, असं आईने परस्पर सांगून टाकलं.

उशीर झाला तर काय, हेही त्याच बैठकीत ठरलं. पंधरा मिनिटं उशीर, तर उद्या पंधरा मिनिटं आधी बंद. आठ-आठ दिवस फोन जप्त करण्याच्या मी विरोधात आहे. एकदा सगळंच गेलं की मुलाला नियम पाळून मिळवण्यासारखं काही उरत नाही, आणि मग तो मित्राचा फोन मागतो. आठवणही एकदाच करायची, पावणेनऊला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी विरोध कमी होण्याऐवजी वाढतो. आजवर आरडाओरडा केला की पाच मिनिटं मिळायची. ती मिळेनात म्हणून मूल आणखी जोर लावून पाहतं. त्या दिवशी ‘बरं, आजच्या दिवस’ म्हटलंत, तर किती ओरडलं की काम होतं एवढंच ते शिकतं. दुसरी गोष्ट, साडेनऊला फोन ठेवला तरी त्याला लगेच झोप येईल असं नाही. वयात येताना झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, त्याला तोही काही करू शकत नाही. पुस्तक वाचू दे, छताकडे बघत पडू दे.

नियम लागू पडतोय का, हे सकाळी कळतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही हाका मारून उठवावं लागत असेल, रविवारी बारापर्यंत झोप काढत असेल, तर झोप अजून अपुरी आहे किंवा दुसरा फोन कुठेतरी आहे. फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये रात्रीचा वापर दिसतो. तो मुलाला शेजारी बसवूनच पाहा. चोरून पाहिलंत, तर पुढचं भांडण विश्वासावरून होईल.

मात्र खेळ आवरताच येत नाही, शाळा, मित्र, जेवण सगळं मागे पडलंय, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही, आणि हे महिनोन्महिने चाललंय, असं असेल तर घरगुती नियम पुरणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याची नोंद आहे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत वेळ सैल करायला माझी हरकत नाही, पण तोही बसून ठरवा. आणि शाळा सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधीपासून फोन ठेवायची आणि उठायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणा. शरीराचं घड्याळ एका रात्रीत मागे येत नाही.