सरासरी उतरली, तोटा चढला

घसरत्या नाण्याची खरेदी दोन प्रकारे होते आणि बाहेरून पाहणारास दोहोंत काडीचाही भेद दिसत नाही. दोघेही भाव उतरेल तसतशी खरेदी करतात आणि दोघांचीही सरासरी खाली येते. परंतु एकाने आकडे आधी मांडलेले असतात. दुसरा ते तोटा झाल्यावर मांडू लागतो. संगणकावरील क्रिप्टो नाण्यांचा व्यवहार आता सुशिक्षित घरांतूनही शिरलेला असल्यामुळे हा भेद नीट उकलून सांगावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मे २०२२ च्या आरंभी ल्यूना नावाचे नाणे ८० डॉलरच्या सुमारास घेतले. त्यांनी त्यात २० हजार रुपये घातले. भाव ४० वर येताच आणखी २० हजार, आणि २० वर येताच पुन्हा तितकेच. पहिल्या खेपेस शिलकेतील पैसे होते. नंतरचे ४० हजार मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेले होते. त्यांची सरासरी आता ८० वरून सुमारे ३४ डॉलरवर आली होती, आणि ते मोठ्या समाधानाने म्हणत, “आता चौतिसाला आलं की सुटलो!” परंतु बाजारास त्यांची सरासरी ठाऊक नव्हती. १३ मे रोजी त्या नाण्याला एक सेंटही किंमत उरली नाही. ६० हजारांचे १८ रुपयेही राहिले नाहीत. ते पहिल्या खरेदीवरच थांबते तर २० हजार गेले असते. सरासरी निम्म्याहून खाली आली आणि तोटा मात्र तिप्पट झाला.

ल्यूना बुडाले ते कशाने, हे पाहणे अगत्याचे आहे. त्याच्या जोडीला यूएसटी नावाचे दुसरे नाणे होते आणि त्याचा भाव नेहमी एक डॉलर राहावा, अशी योजना होती. कोणीही एक यूएसटी परत केल्यास त्यास एक डॉलर किमतीचे ल्यूना नवे पाडून मिळत असे. लोकांचा विश्वास उडताच जो तो यूएसटी परत करू लागला. ल्यूनाचा भाव जितका उतरे, तितकी एका डॉलरसाठी अधिक नाणी पाडावी लागत. आणि ती बाजारात येताच भाव आणखी उतरे. सुमारे ३५ कोटी नाणी होती, ती काही दिवसांत साडेसहा लाख कोटींच्या घरात गेली. तेव्हा आमच्या स्नेह्यांनी २० डॉलरला जे घेतले ते ८० चे नाणे स्वस्तात मिळाले, असे म्हणता येत नाही. ज्या आधारावर ते ८० ला घेतले होते, तो आधारच नाहीसा झाला होता.

आता आधी आखलेली टप्प्यांची खरेदी पाहू. ६० हजारांपलीकडे एक पैही घालावयाची नाही; २० हजार ८० ला, २० हजार ७० ला, २० हजार ६० ला; भाव ५० वर आल्यास सर्व विकावयाचे; आणि यूएसटी एक डॉलरखाली घसरून तेथेच राहिल्यास पुढचा टप्पा रद्द. हे सर्व पहिल्या खरेदीपूर्वी कागदावर लिहिलेले असावे. तिन्ही टप्पे पुरे झाले तर सरासरी ६९ डॉलर पडते, आणि ५० ला विकल्यास सुमारे साडेसोळा हजारांचा तोटा होतो. म्हणजे जास्तीत जास्त किती जाईल, हे आरंभीच कळते. तेवढे सोसवत नसेल तर त्या वाटेस जाऊच नये.

अर्थात या योजनेलाही मर्यादा आहे. पडत्या बाजारात ५० ला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. ९ मे रोजी भाव एकाच दिवसात साठाच्या घरातून तिसाच्या घरात आला. विक्री ४० ला झाली असती तर तोटा सुमारे २५ हजारांवर गेला असता. तथापि सुमारे ३५ हजार घरात राहते, आणि मुलीची ठेव त्यात मुळीच गुंतली नसती. शिवाय आपल्याकडील प्राप्तिकराच्या नियमानुसार अशा नाण्यांतील तोटा दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून वजा होत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही; मग एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करू, हा हिशेबही लागू पडत नाही.

आपण कोणत्या वाटेवर आहो, हे ओळखण्यास एक प्रश्न पुरेसा आहे: हातात हे नाणे एकही नसते, तर आजच्या भावाला, आज जे ठाऊक आहे ते जाणून, आपण ते घेतले असते काय? उत्तर ‘नाही’ असेल आणि तरीही हात पैशांकडे जात असेल, तर आपण नाणे घेत नसून केवळ आपली सरासरी विकत घेत आहो, असे समजावे.