रांगोळी किती वाजता टाकायची

नव्वदच्या दशकात दादा शिकायला दिल्लीला होता. त्याच्याशी कधी बोलायचं, हे आमच्या हातात नव्हतं. रात्री अकरा वाजले की एसटीडीचा दर पाव व्हायचा आणि सांगलीच्या बूथवर त्याच वेळी रांग लागायची. बाबांची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर आणि कान आईच्या बोलण्याकडे. दादाला झोप आलीय का, उद्या त्याची परीक्षा आहे का, हे सगळं दरानंतर. पुढे तो न्यू जर्सीला गेला, लेक मेलबर्नला आणि भाची लंडनला. फोन फुकट झाले आणि मग पहिल्यांदा वेळ ठरवण्याची जबाबदारी खरोखर आमच्यावर आली.

मी रोज सकाळी दारात रांगोळी काढते आणि साडेसहाच्या सुमारास तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकते. २०१७ मध्ये हे चोवीस तासांचं स्टेटस आलं तेव्हापासूनची ही सवय. घरच्या ग्रुपवर मी फोटो टाकत नाही. ग्रुपवर टाकलेलं कुणाच्या ना कुणाच्या उशाशी वाजतंच, स्टेटस वाट बघत थांबतं. आणि चोवीस तास म्हणजे जगातल्या प्रत्येक गावाला दिवसाची प्रत्येक वेळ एकदा मिळते. मी सकाळी टाकलं काय किंवा रात्री, लंडनच्या भाचीला तिची सकाळ, दुपार आणि संध्याकाळ मिळणारच. रोज ठरलेल्या वेळी एकदा फोन उघडणाऱ्याचं काहीच चुकत नाही. चुकतं ते दोन-दोन दिवसांनी डोकावणाऱ्याचं, आणि त्याला माझी कुठलीही वेळ उपयोगाची नाही. त्यामुळे ‘सगळ्यांना दिसेल अशी वेळ कोणती?’ हा प्रश्न स्टेटसपुरता मी सोडून दिला. खरा प्रश्न असा, की कुणाला ते दिवसाच्या कुठल्या वेळी दिसावं?

स्टेटसखालच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की कुणी कधी पाहिलं त्याची यादी उघडते. (ज्यांनी रीड रिसिट बंद ठेवली आहे त्यांची नावं त्यात येत नाहीत. माझी एक मैत्रीण रोज बघते आणि यादीत कधीच नसते.) यादीतल्या वेळा माझ्या घड्याळाच्या असतात. दादा झोपण्याआधी, त्याच्या रात्री नऊ वीसला फोन बघतो, लेक जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला. जूनमध्ये दादाचं नाव माझ्याकडे सकाळी ६.५० ला दिसतं आणि लेकीचं आठला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं एक तास पुढे जातात आणि लेकीचं नाव आठावरून सातवर येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर मागे येतात आणि दादाचं नाव ७.५० वर जातं. दोघांनीही आपली वेळ पाळलेली असते. आपलं घड्याळ बारा महिने तेच, म्हणून त्यांचे ऋतू मला माझ्या यादीत दिसतात. हे कळल्यापासून यादीत नाव उशिरा आलं तरी जीव धास्तावत नाही. आधी घड्याळ बदललंय का ते बघायचं.

दिवाळीत मात्र साडेसहाची वेळ लेकीच्या कामाची नाही. एका वर्षी ती म्हणाली, “आई, तुझी रांगोळी येते तेव्हा इथे दुपारचे बारा वाजलेले असतात. माझं अभ्यंगस्नान, फराळ सगळं आटोपलेलं असतं.” दादाची तक्रार नव्हती, उलट त्याला आवडायचं. नरकचतुर्दशीची आमची पहाट त्याच्याकडे आदल्या रात्री नऊला पोहोचते, म्हणजे घरची रांगोळी बघून झोपायचं आणि सकाळी उठून आपली दिवाळी करायची. तेच सुख लेकीला द्यायचं तर मला तिच्या पहाटेआधी गाठायला हवं होतं. म्हणून आता चतुर्दशीची रांगोळी मी आदल्या रात्रीच काढते आणि साडेअकराला टाकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असतं, तेव्हा तिथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. ती तेल लावून बसलेली असते तेव्हा फोटो येतो. दादाला तो भर दुपारी ऑफिसात दिसतो, पण त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. सांगलीच्या मैत्रिणी आपापल्या पहाटे बघतातच.

जे थेट करायचं, त्याला चोवीस तासांची मुभा नसते. २०२४ ची भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला होती. दादाने ग्रुपवर लिहिलं, “रविवारी सकाळी दहाला मी तयार.” मी कागद घेऊन बसले. शनिवारपर्यंत न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे त्याचे दहा ते आपले संध्याकाळचे साडेसात. पण नेमक्या त्याच रविवारी तिथे पहाटे दोनला, आपल्या सकाळी साडेअकराला, घड्याळ मागे जाणार होतं. त्यानंतर अंतर साडेदहा तासांचं, म्हणजे त्याचे दहा ते आपले साडेआठ. तेव्हा मेलबर्नला रात्रीचे दोन, आणि लेकीला मामाचं औक्षण बघायचं होतं.

मग दुसरी बाजू मांडली. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसात, मेलबर्नला दुपारचा एक, न्यू जर्सीला रात्रीचे दहा. तिघंही जागे. अडचण एकच, दादाकडे तेव्हा शनिवार असणार. वहिनी म्हणाली, “अहो वन्सं, आमच्याकडे तर अजून पाडवाच चालू असेल!” आईने पंचांग उघडलं. द्वितीया शनिवारी रात्री आठ-साडेआठलाच लागत होती. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनाचं अंतर. ते ज्या क्षणी बारा अंशांच्या पुढे गेलं, त्या क्षणी द्वितीया सगळ्या पृथ्वीवर एकदमच लागली. सण कोणत्या वारी धरायचा हे गावोगावच्या सूर्योदयाने वगैरे ठरतं, पण आईने तेवढ्यावर निकाल दिला. “द्वितीया लागलीय ना? मग ओवाळ.”

सकाळी साडेसातला मी स्क्रीनसमोर निरांजन धरलं. पलीकडे वहिनीने दादाला कुंकू लावलं, लेक मेलबर्नहून एका चौकोनात बसली होती. लंडनला तेव्हा रात्रीचे दोन होते, भाचीला आम्ही उठवलं नाही. औक्षणाचा व्हिडिओ मी लगेच स्टेटसला टाकला आणि यादीत तिचं नाव दुपारी पावणेएकला आलं, म्हणजे तिच्या सव्वासातला, डोळे उघडल्या उघडल्या.

पुढच्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली. अमेरिकेचं घड्याळ बदलायला अजून अवकाश होता, त्यामुळे साडेसात आणि दहा हीच जोडी पुन्हा चालली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर भाऊबीज आली, की आपले साडेसात म्हणजे दादाचे रात्रीचे नऊ होतात. कॅलेंडरवर मी दरवर्षी हे रविवार लाल पेनाने अधोरेखित करून ठेवते, मार्चमधला अमेरिकेचा आणि एप्रिलमधला मेलबर्नचासुद्धा.

सकाळच्या वेळेत लंडन नेहमी झोपलेलंच राहतं, हे मला खटकत होतं. म्हणून गणपतीत सकाळची आरती आम्ही नुसती रेकॉर्ड करतो आणि संध्याकाळची साडेसातची थेट दाखवतो. भाचीकडे तेव्हा दुपारचे तीन असतात, दादा चहा घेत असतो आणि लेकीकडे मध्यरात्र असते. ते दहा दिवस भाचीचे, असं लेकीला सांगितलंय आणि तिला ते पटलंय.